रामटेकची सहल आणि वेळेचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो. सहावी-सातवीच्या मुलांनी आज कागद-पेन्सिल घेऊन बसावं, घरची मोठी माणसं शेजारी बसली तर आणखी चांगलं. विषय आहे वेग, अंतर आणि वेळ. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग, हे सूत्र तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे ते आज शिकवणार नाही. सूत्र येत असूनही उत्तर का चुकतं, ते बघू. त्यासाठी एका वर्गाची नागपूरहून रामटेकला निघालेली सहल घेऊ. शाळा बर्डीजवळ आहे. रस्ता ऑटोमोटिव्ह चौकावरून कामठी, कन्हान, मनसर आणि मग रामटेक असा आहे. हिशेब सोपा जावा म्हणून अंतर ४८ किलोमीटर धरू.

बसमध्ये पुढच्या सीटवर दोन मुलं बसवा. एकाकडे घड्याळ द्या आणि दुसऱ्याकडे वही. ड्रायव्हरकाकांसमोरच्या मीटरवर गाडी एकूण किती किलोमीटर चालली तो आकडा असतो. तो आकडा आणि घड्याळातली वेळ, दोन्ही एकाच क्षणी लिहायची. आपल्या सहलीची वही अशी आहे, लिहून घ्या. शाळेच्या फाटकात साडेसात वाजता मीटरवर ५२३१०. कामठीच्या अलीकडे आठ वाजता ५२३२२. मनसरला आठ पस्तीसला ५२३५२. तिथे चहा आणि तर्री-पोहे झाले, आणि बस आठ त्रेपन्नला निघाली. रामटेकला बरोबर नऊ वाजता ५२३५८.

आता वजाबाकी करा. पहिल्या टप्प्यात १२ किलोमीटरला ३० मिनिटं लागली. दुसऱ्यात ३० किलोमीटरला ३५ मिनिटं. मग १८ मिनिटं बस उभी. शेवटच्या ६ किलोमीटरला ७ मिनिटं. वेग ताशी काढायचा म्हणजे ६० मिनिटांत किती अंतर होतं ते बघायचं. पहिल्या टप्प्यात ताशी २४ येतो, कारण सकाळी साडेसातलाही शहरातून बाहेर पडेपर्यंत सिग्नल आणि चौक आहेतच. दुसऱ्या टप्प्यात ताशी ५१ च्या थोडा वर येतो.

शेवटच्या ६ किलोमीटरचा वेग मात्र या वहीवरून काढू नका. मीटर फक्त पूर्ण किलोमीटर दाखवतो. ५२३५२ हा आकडा नुकताच पडला होता की पुढचा पडायच्या बेतात होता, हे कळत नाही. खरं अंतर साडेपाचही असेल, साडेसहाही असेल. साडेपाच धरलं तर ताशी ४७ येतात आणि साडेसहा धरलं तर जवळजवळ ५६. तीच अर्ध्या किलोमीटरची चूक ३० किलोमीटरमध्ये पडली तर वेगात एखाद्याच किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून टप्पा लांब घ्यायचा.

मागच्या सीटवरच्या मुलांना मीटर दिसत नाही. त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड आहेत. मनसरपर्यंतचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यामुळे दगडाचा माथा पिवळा असतो. राज्य महामार्गावर तो हिरवा असतो. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते मोजा आणि ३६०० ला त्या आकड्याने भागा. तासाचे सेकंद ३६०० असतात, म्हणून. ७२ सेकंद लागले तर ताशी ५०, ९० लागले तर ताशी ४०. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मधले छोटे दगड. दर २०० मीटरला २, ४, ६, ८ असे आकडे असलेले बुटके दगड असतात. त्यातला एखादा किलोमीटरचा समजला की बस एकदम विमानासारखी धावू लागते. दुसरी चूक जास्त फसवी आहे. मूल पहिला दगड दिसताच 'एक' म्हणतं आणि घड्याळ सुरू करतं. पाचव्या दगडाला घड्याळ थांबवतं आणि लिहितं, पाच किलोमीटर, २८८ सेकंद. वेग येतो साडेबासष्ट. पण पाच दगडांमध्ये अंतरं चारच असतात. चार किलोमीटरला २८८ सेकंद म्हणजे ताशी ५०. तेव्हा पहिल्या दगडाला 'शून्य' म्हणायचं.

आता चहाचा प्रश्न. जातानाचा सरासरी वेग किती? अर्धा वर्ग म्हणेल ४०, अर्धा म्हणेल ३२, आणि भांडण लागेल. दोघंही बरोबर आहेत. चाकं फिरली ती वेळ ३० अधिक ३५ अधिक ७, म्हणजे ७२ मिनिटं, आणि ४८ किलोमीटरला ७२ मिनिटं म्हणजे ताशी ४०. साडेसात ते नऊ पूर्ण दीड तास धरला तर ४८ भागिले दीड म्हणजे ३२. बस किती वेगाने चालली असं विचारलं तर ४०. घरून किती वाजता निघायचं हे ठरवायचं असेल तर ३२. प्रश्नात थांबा धरायचा की सोडायचा हे लिहिलेलं नसेल, तर प्रश्न विचारणाऱ्याने नीट विचारलेला नाही. पेपर काढणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं. इथून पुढे आपण चाकं फिरली तेवढीच वेळ धरू.

या ७२ मिनिटांचे तास करताना सगळ्यात जास्त मार्क जातात. ७२ भागिले ६० म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश तास. कागदावर १.२ असं दिसतं आणि मूल वाचतं, एक तास वीस मिनिटं. तास ६० मिनिटांचा आहे, १०० चा नाही. दोन दशांश तास म्हणजे ६० चे दोन दशांश, म्हणजे १२ मिनिटं. उलटीकडूनही तसंच होतं. एक तास बारा मिनिटं हे १.१२ असं लिहून ४८ ला त्याने भागलं की वेग जवळजवळ ४३ येतो. आकडा इतका साधा दिसतो की संशयही येत नाही. तपासायची रीत अशी. ताशी ४० ने एका तासात ४० किलोमीटर होतील, राहिले ८. तासात बारा-बारा मिनिटांचे पाच तुकडे असतात, ४० चा पाचवा भाग ८, म्हणजे उरलेल्या बारा मिनिटांत ८ किलोमीटर. बरोबर ४८ जुळले. ४३ घेतलं असतं तर जुळलं नसतं.

परतीचा प्रवास संध्याकाळचा आहे. मनसरहून कामठीपर्यंत बस बरी आली, पण शेवटच्या १२ किलोमीटरमध्ये गर्दीत अडकली. परतीला एकूण दोन तास लागले. ४८ किलोमीटरला दोन तास म्हणजे ताशी २४. मग जाण्या-येण्याची मिळून सरासरी किती? वर्गात हात वर येतात, ४० अधिक २४ भागिले दोन, म्हणजे ३२. उत्तर चूक आहे. एकूण अंतर ९६ किलोमीटर. एकूण वेळ एक तास बारा मिनिटं अधिक दोन तास, म्हणजे ३.२ तास. ९६ भागिले ३.२ म्हणजे बरोबर ३०.

दोन किलोमीटर कुठे गेले? बस ताशी २४ ने दोन तास चालली आणि ताशी ४० ने सव्वा तासही नाही. जास्त वेळ संथ चाललेल्या बसची सरासरी संथ वेगाकडे झुकणारच. दोन्ही वेगांनी बस सारखाच वेळ चालली असती, समजा एक तास ४० ने आणि एक तास २४ ने, तर ६४ किलोमीटरला दोन तास, म्हणजे ३२ हे उत्तर बरोबर ठरलं असतं. वेगांची बेरीज करून दोनने भागणं वेळ सारखी असेल तेव्हाच चालतं. जाऊन-येऊन प्रवासात अंतर सारखं असतं, वेळ सारखी नसते, म्हणून तिथे ते चालत नाही.

हे खरंच कळलं की नाही ते बघायला एक प्रश्न. समजा जातानाच गर्दी लागली आणि ताशी २४ ने दोन तासांत रामटेक गाठलं. येताना किती वेगाने आलं म्हणजे पूर्ण सहलीची सरासरी ४८ होईल? पटकन येणारं उत्तर ७२. आता वेळ मोजा. ९६ किलोमीटर ताशी ४८ ने जायला दोन तास लागतात. ते दोन तास जातानाच संपले. परतीला एक मिनिटही शिल्लक नाही, तेव्हा कुठल्याच वेगाने ते जमणार नाही. ७२ ने आलो तर परतीला ४० मिनिटं, एकूण दोन तास चाळीस मिनिटं, आणि सरासरी ३६.

याच हिशेबाने सहलीच्या गुरुजींनी आणि बाईंनी परतीची वेळ ठरवावी. शाळेत साडेपाचला पोचायचं आहे. रस्ता जातानासारखाच मोकळा मिळेल असं धरलं तर ७२ मिनिटं चालणं आणि १८ मिनिटं चहा, म्हणजे दीड तास. बस चारला हलली पाहिजे. आणि हलली म्हणजे चाकं फिरली. मुलं मोजणं, गडाच्या पायऱ्यांवर मागे राहिलेल्यांना गोळा करणं, पाण्याच्या बाटल्या शोधणं, हे सगळं त्याआधी. त्यासाठी पावणेचारला बसजवळ बोलवा.

समजा तरीही निघायला साडेचार झाले. अर्धा तास रस्त्यात भरून काढू, असं कुणीतरी म्हणतंच. हिशेब मांडा. साडेपाचपर्यंत ६० मिनिटं आहेत. त्यातली १८ चहाची. शहरातल्या १२ किलोमीटरला ३० मिनिटं, ती तर कमी होणार नाहीत. राहिली १२ मिनिटं आणि ३६ किलोमीटर, म्हणजे ताशी १८०. चहा सोडला तर ३० मिनिटांत ३६ किलोमीटर, ताशी ७२, आणि तेही ३६ किलोमीटर न थांबता. बसचा वेगमर्यादक ६० ला बांधलेला असेल तर तेही नाही. सकाळी याच ३६ किलोमीटरला ४२ मिनिटं लागली होती. म्हणजे चहा सोडूनही पाच बेचाळीस. तेव्हा रामटेकहून निघतानाच पालकांना फोन करून पावणेसहा सांगा, आणि मनसरला चहाला थांबणार असाल तर सहा.