एका व्हॉल्व्ह बॉडीचा खरा खर्च

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत सहज शोभेल असा एक कारखाना समजा. इथे ओतीव लोखंडाचे दोन भाग तयार होतात. ब्रॅकेटचं बरंचसं काम हातानं होतं, तर व्हॉल्व्ह बॉडी तासन् तास सीएनसी मशीनवर असते. वर्षाला ब्रॅकेट निघतात ४० हजार आणि व्हॉल्व्ह बॉडी २० हजार.

मशीन शॉपचा ओव्हरहेड ६० लाख. वीज, देखभाल, घसारा, सुपरवायझरचा पगार, सगळं त्यात आलं. कंपनीनं तो मजुरीच्या प्रमाणात वाटला. ब्रॅकेटची मजुरी दुप्पट, म्हणून त्याच्या वाट्याला ४० लाख आले आणि व्हॉल्व्ह बॉडीला २० लाख. दोन्हींवर नगामागे शंभर रुपये पडले. हिशेब नेटका दिसतो, आणि उत्पादन खर्चाचे हिशेब तपासणारा कॉस्ट ऑडिटर तिथेच थबकतो.

कारण हा खर्च माणसांमुळे कमी आणि मशीनमुळे जास्त होतो. तो मशीनची लॉगबुकं मागवतो. ब्रॅकेटला वर्षभरात ४ हजार तास लागलेत, व्हॉल्व्ह बॉडीला ८ हजार. तासांप्रमाणे वाटलं की ब्रॅकेटवर पन्नास रुपये येतात आणि व्हॉल्व्ह बॉडीवर दोनशे. म्हणजे कंपनी ज्या मालावर नफा समजत होती, त्यावर कदाचित तोटाच होत होता.

पण लॉगबुकावर तरी विश्वास का ठेवायचा? रोज बरोबर आठ तास, एकाच पेनानं, एकाच अक्षरात लिहिलेलं पान वर्षाअखेरीस बसून भरलेलं असू शकतं. म्हणून ते तास जॉब कार्डांशी आणि विजेच्या मीटरशी ताडून पाहायचे.

आता दुसरी गाठ. मशीन शॉपची सामान्य क्षमता १५ हजार तासांची, चाललं मात्र १२ हजार. ऑर्डरच नव्हत्या. ६० लाखांपैकी ४५ लाख स्थिर खर्च आहे. रिकाम्या तासांचा भार चालू मालावर टाकायचा का? उत्पादन ओव्हरहेडचं कॉस्ट अकाउंटिंग मानक, सीएएस-३, सांगतं: स्थिर खर्च सामान्य क्षमता किंवा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जो आकडा मोठा त्यावर वाटा. म्हणजे तासाला तीनशे रुपये. उरलेला १५ लाखांचा बदलता खर्च चाललेल्या १२ हजार तासांवर वाटून आलेले सव्वाशे मिळवले की दर होतो चारशे पंचवीस. व्हॉल्व्ह बॉडी दोनशेवरून एकशे सत्तरवर उतरते.

राहिले रिकाम्या ३ हजार तासांचे ९ लाख. ते कुठल्याच मालाच्या कॉस्ट स्टेटमेंटमध्ये जात नाहीत, पण नाहीसेही होत नाहीत. कॉस्ट हिशेबातला नफा आणि आर्थिक हिशेबातला नफा जुळवणाऱ्या ताळमेळ पत्रकात ते उघडे दिसतात. संचालक मंडळानं कॉस्ट ऑडिटच्या अहवालातलं हे पान आधी वाचावं, असं मला वाटतं.

हा अहवाल वर्ष संपल्यापासून १८० दिवसांत मंडळाकडे द्यायचा असतो. हाती आल्यावर ३० दिवसांत कंपनी तो केंद्र सरकारकडे दाखल करते. व्हॉल्व्ह बॉडी कितीला विकायची, हे मात्र ऑडिटर ठरवत नाही.