डब्ब्यात का आनलं?

(दृश्य: ओला रस्ता, दुतर्फा वावरं, दुरून येणारी पिवळी बस)

यवतमाळ जिल्ह्यातला हा एक फाटा. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला तूर, कडेला कडुनिंब. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालीत. विदर्भात उन्हापायी शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे लहानग्यांचा शाळेतला पहिला आठवडा आणि पेरणीची घाई बहुतेक एकदमच येते. मायबापाला वावरात जायची घाई असते आणि चार वर्षांच्या लेकराला मायचा पदर सोडायचा नसतो.

शाळेची बस आली. आता दाराकडे बघा.

गाडी पूर्ण थांबल्याशिवाय दार उघडत नाही. उघडलं की आधी लेकरांना चढवणारी-उतरवणारी मावशी खाली उतरते. दारात उभं राहून वरूनच हात लांबवला असता तर तिचे दहा सेकंद वाचले असते. पण खालून बघणाऱ्या लेकराला ती बाई आणि ती गाडी मिळून फार उंच दिसते. म्हणून ती उतरते, लेकरापासून दोन पावलं अलीकडेच थांबते आणि उकिडवी बसते. चिखल असला तर लुगड्याचा काठ भरतो. तो तसाच दिवसभर राहतो.

(दृश्य: मावशीचा हात, जवळून. हिरव्या बांगड्या, तळवा वर)

ती नाव घेते, तेही शाळेच्या हजेरीतलं नव्हे, घरी हाक मारतात ते. मग रोजचा एकच प्रश्न.

(फक्त आवाज: "बाबू, डब्ब्यात का आनलं?")

हा प्रश्न ती बदलत नाही. त्याचं उत्तर लेकराला नक्की ठाऊक असतं, कारण डबा त्याच्यासमोरच भरलेला असतो. ‘काऊन रडून राह्यला?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसतं, तो आणखी रडतो. ‘पोळी अन् चटनी’ हे मात्र त्याला सांगता येतं. मायला सोडून परक्या माणसाशी बोललेलं त्याचं सकाळचं पहिलं वाक्य तेच असतं.

प्रश्न विचारून झाला की ती तळवा वर करून हात पुढे धरते. धरायचा की नाही, ते लेकरानं ठरवायचं.

या फाट्यावरचं हे पोरगं आम्ही पहिल्या दिवसापासून टिपलं. पहिल्या दिवशी ते मायच्या मागं लपलं, मान वर केली नाही. मावशीनं प्रश्न विचारला आणि मायनंच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशीही मायच बोलली. तेव्हा मावशीनं तिला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. उत्तर तुम्ही देऊ नका, तो गप्प राहिला तरी चालेल. आणि ‘मी पन येतो मागून’ असं खोटं सांगू नका, त्याची नजर चुकवून पळूही नका.

दुसरी गोष्ट मायला पटायला वेळ लागला. गुपचूप निघून गेलं की लेकरू कमी रडतं, असं सगळ्यांनाच वाटतं. त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. पण दुसऱ्या दिवशी त्याची नजर मायवरून हलत नाही, कारण पाठ फिरली की माय नाहीशी होते, हे त्याला कळलेलं असतं. म्हणून निरोप समोरासमोर घ्यायचा, छोटा घ्यायचा आणि एकदाच घ्यायचा. वाक्यही ठरलेलं आहे.

(फक्त आवाज: "दुपारी हेच गाडी येते. माय इथंच उभी राहते.")

एक वाजता, दीड वाजता असं ती कधी सांगत नाही. त्या वयाला घड्याळ कळत नाही. गाडी कळते, झाड कळतं, माय कळते. मात्र या वाक्याला एक अट आहे: दुपारी माय किंवा आजी त्या झाडाखाली खरोखर उभी असली पाहिजे. निंदणीच्या दिवसांत एकदा मायला उशीर झाला आणि दुसऱ्या सकाळी पोरगं गाडीपाशी आलंच नाही. तेव्हापासून आजी येते.

(दृश्य: चिखलानं भरलेले छोटे बूट, बसची पायरी)

सहाव्या दिवशी पोरगं रडतच आलं, पण ओठ हलले. नवव्या दिवशी म्हणालं, "पोळी." पुढं काही नाही. मावशीनंही पुढं काही विचारलं नाही. त्याच दिवशी त्यानं तिचं एक बोट धरलं. आधी पायरीवरची दांडी, मग डावा पाय, मग उजवा. उचलून ठेवलं असतं तर लवकर झालं असतं. पण आपल्या पायानं चढलेलं लेकरू आत जाऊन निमूट बसतं, हे मावशीनं इतक्या वर्षांत पाहिलंय. जागाही ठरलेली, दुसऱ्या रांगेत खिडकीशी. तिथून कडुनिंब दिसतो.

पोरगं बसलं की ती पुन्हा दारात येते आणि चाकांकडे बघते. थांब्यावर धाकटी भावंडं असतात, ताईच्या मागं धावतात. ती भावंडं मायच्या हातात दिसली की मगच पत्र्यावर दोन थापा पडतात आणि गाडी हलते. ड्रायव्हर त्या थापांशिवाय क्लच सोडत नाही.

किती रडणं ठीक, याचा तिचा हिशेब पुढच्या गावाचा आहे. पुढचा थांबा येईस्तोवर लेकरू खिडकीबाहेर बघायला लागलं तर काळजी नाही. सोमवारी आणि सणाच्या सुटीनंतर रडणं परत येतं. तान्ह्या पोळ्यानंतर तर निम्मी गाडी रडते, दोन-तीन दिवसांत ओसरते. तिला धास्ती वाटते ती वेगळ्या लेकराची: महिनाभर हसत चढलेलं आणि एक दिवस अचानक पायरीशी अडलेलं. अशा वेळी ती समजूत घालत बसत नाही. शेजारी कोण बसतं ते बघते, काल चड्डी ओली झाली होती का ते आठवते, आणि शाळेत पोचल्यावर बाईंच्या कानावर घालते.

महाराष्ट्राच्या २०११च्या स्कूल बस नियमांत गाडीत सहायक सांगितला आहे. तो माणूस रोज तोच असावा, यासाठी आम्ही ही फिल्म केली. जुलैत मावशी तापानं दोन दिवस घरी होती आणि गाडीवर जो मोकळा सापडला तो चढवला गेला. त्यानं या पोराला उचलून आत ठेवलं. पुढचे चार दिवस बोट नाही, उत्तर नाही.

(दृश्य: दारात दोन बायका. मावशी, आणि तिच्या मागं दुसरी)

आता सुटी घ्यायची असली की मावशी बदली बाईला आदल्या दिवशी सोबत आणते. प्रत्येक थांब्यावर दोघी उतरतात. "उद्या ह्या मावशी येतीन, परवा मी." एवढंच सांगते.

ही त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. नवी बाई उतरली, उकिडवी बसली, पण घाईत विचारून गेली, "कसा आहेस रे?"

पोरगं तिच्याकडे बघत राहिलं, मग बोललं.

(फक्त आवाज: "असं नाही. डब्ब्यात का आनलं, असं विचार.")

तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. हात काही दिला नाही. दप्तर तिच्याकडे दिलं, दांडी धरली आणि आपलं आपण चढलं.