काचेत काय दिसू नये

मंडळी, स्टुडिओत वारंवार येणारं एक काम घेऊन बोलतो. आजोबा गेले. चांगला, स्वच्छ फोटो एकच, तोही अमेरिकेच्या व्हिसासाठी काढलेला. २०१६च्या नोव्हेंबरपासून त्या फोटोत चष्मा चालत नाही, त्यामुळे चेहरा उघडा. घरचे म्हणतात, "बाबांना चष्म्याशिवाय आम्ही कधी पाहिलंच नाही." म्हणजे त्या फोटोवर चष्मा आपण चढवायचा. सुदैवाने असा चष्मा बहुतेक वेळा घरात जपलेला असतो. तोच मागवून घ्या. नेटवरून उचललेली फ्रेम घरचे लगेच ओळखतात.

आधी माप. काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ५२, १८, १४० असे आकडे असतात: एका काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. फोटोतला मिलिमीटर बुबुळ देतं. मोठ्या माणसाचं बुबुळ आडवं साधारण पावणेबारा मिलिमीटर असतं. समजा आपल्या फोटोत ते ९४ पिक्सेल भरलं, तर मिलिमीटरला ८ पिक्सेल. म्हणजे काच ४१६, पूल १४४, आणि दोन्ही काचांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ९७६. इथे नजरेच्या अंदाजावर गेलात तर हमखास फ्रेम मोठी बसते.

आता त्या चष्म्याचा फोटो. दीड मीटरवरून झूम करून काढा. मोबाईल जवळ नेलात की काड्या आत ओढलेल्या दिसतात आणि पुढे काही केल्या चेहऱ्यावर बसत नाहीत. शक्य असेल तर साधारण तेवढ्याच चेहऱ्याच्या मुलाला किंवा भावाला तो घालायला लावा आणि प्रकाश मूळ फोटोसारखा ठेवा.

समोरून काडी जवळजवळ दिसतच नाही. बिजागरीपाशी आखूड तुकडा दिसतो आणि तो कानाच्या वरच्या मुळाकडे जातो. आजोबांनी हनुवटी वर केली असेल तर कान डोळ्यांपेक्षा खाली दिसतात, मग काडीही खाली उतरली पाहिजे. कानशिलावरचे केस काडीवरून परत काढा, चार-सहा बटा पुरतात. नाहीतर काडी केसांवर चिकटवलेली वाटते.

काचेवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण इथेच बहुतेकांचा हात घसरतो. दोन्ही काचांवर तिरपा पांढरा पट्टा ओढायचा, एक काच उलटवून दुसरी करायची, झालं! पण दिवा एकाच ठिकाणी असताना एका काचेत चमक डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे कशी येईल? ती दोन्हीकडे साधारण सारख्याच जागी पडते.

त्याहून मोठा प्रश्न, चमक मुळात यायला हवी का? डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका पाहून ठरवू नका. बुबुळावरचा पारदर्शक पडदा खूप गोल असतो, त्यात लांबच्या कोनातला दिवाही दिसतो. चष्म्याची काच जवळजवळ सपाट, शिवाय वरून थोडी पुढे, खालून गालाकडे झुकलेली. म्हणजे तिचं तोंड किंचित खाली. वरून लावलेल्या छत्रीदिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याच्या खालून निघून जातं. व्हिसाच्या फोटोत दिवे सहसा तसेच वर आणि बाजूला असतात, तेव्हा तिथे चमक नसणंच खरं. दिसलाच तर काचेच्या खालच्या भागात पांढऱ्या शर्टाचा पुसट उजेड. तो हवा असेल तर चष्म्यामागे काळं कापड धरून, समोर खाली पांढरा कागद ठेवून फोटो काढा. काचेत फक्त प्रतिबिंब उरतं, ते `Screen` ब्लेंड मोडमध्ये ठेवा आणि खूप फिकं करा. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून आठेक टक्केच प्रकाश परत फेकते.

नंबर विसरू नका. उणे चारच्या काचेमागे डोळा साधारण पाच टक्के लहान दिसतो आणि गालाची कड काचेत आत सरकते. फक्त डोळा लहान केलात तर आजूबाजूला भोक पडतं. म्हणून पूर्ण चेहऱ्याच्या लेयरची प्रत ९५ टक्के करा आणि तिला काचेच्या आकाराचा मास्क लावा. दोन्ही काचांना वेगवेगळी प्रत, प्रत्येकीच्या आपल्या मध्याभोवती लहान केलेली. कानशिलापाशी कडेची पायरी नीट उतरली की ते काम बसलं म्हणून समजा.

शेवटी सावल्या. नाकावरचे पॅड अर्धपारदर्शक असतात, म्हणून त्यांच्याखाली काळा डाग नको. त्याच नाकाच्या सावलीतला तांबूस रंग उचला आणि `Multiply`मध्ये दोन थर द्या: पॅड कातडीला टेकतो तिथे बारीक, कडक रेघ, तिच्याखाली मऊ, फिकट पसारा. फ्रेमची वरची कड भुवईला जवळ असते, तिची सावली अरुंद आणि ठळक. खालची कड गालापासून दूर, तिची सावली खाली सरकलेली आणि विरलेली. किती सरकवायची? फोटोत नाकाची सावली आधीच पडलेली असते. तिचा कोन आणि कडेचा मऊपणा बघा, तेवढाच चष्म्याला द्या.