वाळवीचा उतारा आणि अडलेला शब्द

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय इंग्रजी उताऱ्यात मधेच आडव्या येणाऱ्या शब्दांबद्दल. तुमच्यापैकी कुणी आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणार असेल तर तिच्या रीडिंगच्या पेपरचं गणित माहितीच असेल, तीन उतारे, चाळीस प्रश्न आणि फक्त ६० मिनिटं, म्हणजे एका उताऱ्याला वीसेक मिनिटं आणि त्यातच प्रश्नही वाचायचे. आता एका शब्दावर दोन मिनिटं अडून बसलात तर ती दोन मिनिटं कुठून तरी जाणारच ना.

मी क्लासमध्ये वाळवीवरचा एक उतारा देते, मीच लिहिलेला. वाळवी म्हणजे टर्माइट, वारूळ बांधणारी. त्यात एक वाक्य असंय, मराठीत सांगते पण अवघड शब्द तसेच ठेवते: कामकरी वाळवी मॅस्टिकेटेड लाकूड सबटरेनियन खोल्यांमध्ये नेते, तिथे टर्मिटोमायसीज ते कुजवतं, आणि वारुळाच्या भिंती वरून घट्ट दिसत असल्या तरी आत साचलेला कार्बन डायऑक्साइड डिसिपेट करतात.

चार शब्द अडले. पोरं चारही शब्दांखाली रेघ मारतात आणि पहिल्यापासून झुंजायला लागतात, तिथेच घोटाळा होतो.

आधी टर्मिटोमायसीज बघू. कॅपिटल अक्षराने सुरू होतंय, म्हणजे कशाचं तरी नाव, आणि कुजवायचं काम करतंय एवढं वाक्यच सांगतंय. बास, मनात त्याला 'टी' म्हणा आणि पुढे चला. (ती बुरशी असते, वाळवी तिची शेती करते, पावसात वारुळावर उगवणारी जी अळंबी कोकणात-गोव्यात लोक शोधत फिरतात ती हिचीच. पण परीक्षेत हे माहीत असायची गरज नाही.) मॅस्टिकेटेडही सोडून द्या, लाकूड आत नेलं एवढं कळलं, कसलं लाकूड ते प्रश्नात विचारलंय का? नाही. मग चावलेलं असो की भिजवलेलं, आपल्याला काय करायचंय.

सबटरेनियनला मात्र फोडून बघायला पाच सेकंद लागतात. सब म्हणजे खाली, सबवे, सबमरीन आपण रोज म्हणतो, आणि टेरा म्हणजे जमीन, टेरिटरीतला. जमिनीखालच्या खोल्या. वाक्यात बसवून बघा, वारूळ आहे म्हटल्यावर बसतंच. हे बसवून बघणं विसरायचं नाही हं, कारण खरी गंमत पुढे आहे.

डिसिपेट. आता प्रश्न असा: भिंती वायूला बाहेर जाऊ देत नाहीत, ट्रू की फॉल्स? म्हणजे हा शब्द सोडून चालणारच नाही, उत्तर त्याच्यावरच लटकलंय. मागच्या बॅचमधल्या एका मुलीने तो फोडला, 'डिस' म्हणजे नकार, डिसअ‍ॅग्री, डिसलाइक सारखा, म्हणून भिंती वायू जाऊ देत नाहीत, उत्तर ट्रू. चुकलं. इथला डिस नकाराचा नाहीये, तो 'वेगवेगळं, दूर दूर' या अर्थाचा आहे, डिस्ट्रिब्यूटमध्ये असतो तसा. डिसिपेट म्हणजे पांगवणं, विरून जाऊ देणं.

बरं हे तिला कळायचं कसं? डिसच्या मागे जे उरतं ते शब्द म्हणून ओळखीचं आहे का बघायचं. डिसअ‍ॅग्रीतून डिस काढला तर अ‍ॅग्री उरतं, पण इथे उरतं 'सिपेट', असा शब्दच नाही, म्हणजे नकार धरायला आधारच नाही. आपल्या मराठीतही हेच होतं की. अनुदार म्हणजे अन् अधिक उदार, उदार नसलेला. आणि अनुदान? तिथे 'उदान' नाही उरत, तिथे अनु अधिक दान आहे. सुरुवात दिसायला एकच, तोडायची जागा वेगळी.

मग तुकडे फसले की वाक्याच्या सांध्याकडे जायचं. 'घट्ट दिसत असल्या तरी' असं आलंय ना, इंग्रजीत ऑल्दो. ऑल्दो आला की पुढचं मागच्याच्या उलट जाणार. घट्ट भिंत वायू अडवेल असं वाटतं, म्हणजे इथे ती अडवत नाहीये. डिसिपेटचा नेमका अर्थ न कळताही फॉल्स हे उत्तर आलं, आणि ते तुकड्यांपेक्षा जास्त भरवशाचं.

मी पोरांना साधारण पंधरा सेकंद देते. तेवढ्यात तुकडे आणि वाक्य जुळले नाहीत तर पेन्सिलने खूण करून पुढे, कधीकधी दोन ओळींनी लेखक स्वतःच तो शब्द सोप्या भाषेत पुन्हा सांगतो. तांत्रिक शब्द असेल तर उताऱ्याच्या खाली अर्थही दिलेला असू शकतो, तो बघायचा राहतो खूप जणांचा. आणि शेवटी वेळ संपत आला नि तो प्रश्न कोराच असेल तर काहीतरी लिहून मोकळे व्हा, आयल्ट्समध्ये चुकीला मार्क कापत नाहीत. बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी मात्र हे ऐकून तिकडे असं करू नका, तिथे चुकलं की पाव मार्क कापतात.