चमकतं ते तेल की घाम?

[दृश्य: दादर स्टेशनचा पूल, सकाळची गर्दी. चेहरे जवळून.]

मे महिना, सकाळचे पावणेदहा. या पुलावर कुणाचंही कपाळ चमकतं. संध्याकाळी हाच चमकणारा चेहरा घेऊन माणूस दुकानात शिरतो आणि ‘ऑइली स्किन’ लिहिलेला फेसवॉश उचलतो. पुलावर चमकत होतं ते तेल होतं की नुसता घाम, हे मात्र त्याने पाहिलेलंच नसतं. आणि बाटलीवरचं लेबल तुमच्या त्वचेबद्दल काहीच सांगत नाही. माल कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलाय, एवढंच ते सांगतं.

[दृश्य: मुलुंडमधलं घर. खिडकीपाशी हातात छोटा आरसा धरलेली स्त्री.]

या ताई मुलुंडला राहतात, बँकेत कॅशियर आहेत. वय 34. गेली काही वर्षं त्या तेलकट त्वचेसाठीचाच फेसवॉश वापरतात, दिवसातून तीनदा. धुतल्यावर गाल ओढल्यासारखे होतात. त्यांना वाटायचं, चेहरा स्वच्छ झाला की असं होणारच. दुपारी कपाळ पुन्हा चमकायला लागलं की ऑफिसच्या बेसिनवर पुन्हा फेसवॉश.

त्यांना आम्ही एकच गोष्ट सुचवली. एक रविवार चेहऱ्याला काहीही लावू नका, आणि दिवसभर तो कसा बदलतो ते बघा.

दिवसभर का, तर त्वचेवरचं तेल एकदम येत नाही. तैलग्रंथी ते हळूहळू सोडत असतात. कपाळ, नाक आणि हनुवटीवर या ग्रंथी दाट असतात, गालांवर कमी. धुतल्यावर वरचा थर निघून जातो आणि तो पुन्हा साचायला काही तास लागतात. त्यामुळे धुतल्यानंतर दहा मिनिटांत आरशात पाहून काहीच ठरत नाही. तेव्हा जो ओढ जाणवतो, तो बहुतेक वेळा तुमच्या फेसवॉशचा असतो. पाण्याचाही असू शकतो. मुंबईत महापालिकेचं पाणी तलावांतून येतं आणि सौम्य असतं. पण सोसायटीत बोअरिंगचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर साबण नीट निघत नाही आणि कुणाचीही त्वचा ताणल्यासारखी वाटते.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. स्क्रब, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिडची सीरम, रेटिनॉल, सगळं बंद. यांनी त्वचा काही काळ कोरडी पडते आणि निकाल चुकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम असेल तर मात्र ते स्वतःच्या मनाने थांबवू नका, आधी त्यांना विचारा.

[दृश्य: रविवार, सकाळचे आठ. बेसिन, साधं पाणी.]

आठ वाजता सौम्य फेसवॉशने एकदा चेहरा धुतला. टॉवेलने टिपला, घासला नाही. मग काही नाही, मॉइश्चरायझरसुद्धा नाही. सनस्क्रीनही नसल्यामुळे दिवस घरातच काढायचा. एसी बंद, पंखा चालू.

साडेआठला पहिली पाहणी, खिडकीच्या उजेडात. बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली सगळेच चेहरे तेलकट दिसतात. तोंड मोठं उघडून पाहिलं तर गाल ताणले जात होते, कपाळ मोकळं होतं.

अकराला गालांचा ओढ थोडा कमी झाला, पण गाल निस्तेजच होते आणि हसल्यावर डोळ्यांखाली बारीक रेषा उमटत होत्या. नाकावर हलकीशी चकाकी.

[दृश्य: जवळून. पातळ टिश्यूचे तुकडे, त्यांच्या कोपऱ्यांवर पेनने लिहिलंय: कपाळ, नाक, डावा गाल, उजवा गाल, हनुवटी.]

दुपारी दोनची पाहणी सगळ्यात महत्त्वाची, कारण तोवर तेल साचलेलं असतं. स्वयंपाक उरकल्यावर ताई अर्धा तास पंख्याखाली बसल्या, गॅससमोरचा घाम वाळावा म्हणून. मग बिनसुगंधी टिश्यूचा एकेक पदर त्या त्या जागी हलकेच दाबून दहा सेकंद धरला. आता हे तुकडे लगेच वाचायचे नाहीत. पंधरा मिनिटं वाळू द्यायचे आणि मग खिडकीसमोर धरायचे. घामाचा ओलावा उडून जातो, तेलाचा डाग राहतो आणि त्यातून उजेड आरपार दिसतो. वडापावच्या कागदावर राहतो, तसाच.

ताईंच्या कपाळाच्या आणि नाकाच्या तुकड्यांवर स्पष्ट डाग होते. हनुवटीवर पुसटसा. दोन्ही गालांचे तुकडे कोरे. पाच वाजता पुन्हा तेच.

म्हणजे त्वचा मिश्र, आणि गाल कोरडेपणाकडे झुकणारे. गालांवरही डाग आले असते तर त्वचा तेलकट म्हटली असती. सगळे तुकडे कोरे आणि दिवसभर ओढ, तर कोरडी. सगळे कोरे पण ओढ नाही, तर सामान्य. एक गोंधळाचा प्रकारही दिसतो: एकाच जागी ओढही आणि तेलाचा डागही. तिथे तेल भरपूर असतं, कमी असतं ते पाणी, आणि त्यामागे बहुधा कडक फेसवॉश किंवा एसी असतो.

[दृश्य: पुन्हा दादरचा पूल. ताई टिश्यूने गाल टिपताना.]

सोमवारी ताईंनी पुलावरच दोन्ही गाल टिपले. कागद चिंब झाला. बँकेत पोहोचेपर्यंत वाळला आणि कोरा निघाला. गालांवरची ती सगळी चमक घामाची होती. मग बँकेत साडेदहाला चेहरा धुऊन त्या तशाच एसीत बसल्या. अडीचला गाल रविवारपेक्षा जास्त ताणलेले होते. नाकावर मात्र तेलाचा डाग होताच.

जास्त धुतल्याने ग्रंथी चिडून आणखी तेल सोडतात, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला भक्कम आधार नाही. ग्रंथी आपल्या गतीने तेल सोडतच राहतात. तीनदा धुण्याने नुकसान झालं ते गालांचं.

या पाहणीलाही मर्यादा आहेत. पाळीच्या आधीच्या दिवसांत तेल वाढू शकतं, त्यामुळे तो आठवडा टाळावा. भुवयांत आणि नाकाच्या कडेला लालसरपणासह पापुद्रे सुटत असतील, तर तो कोरडेपणा समजू नका. तो बहुधा चेहऱ्यावरचा कोंडा असतो, तेलकट जागीच होतो आणि त्याला औषध लागतं. आणि गोरेपणासाठी कुणी सुचवलेलं स्टेरॉइड असलेलं क्रीम तुम्ही लावत असाल, तर टिश्यू बाजूला ठेवा आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. अशा क्रीमने त्वचा पातळ होते, आणि ते एकदम सोडलं तर चेहरा लाल होऊन भडकू शकतो.

[दृश्य: ताईंच्या घरातलं बेसिन. फळीवर मोजक्या बाटल्या.]

ताई आता सकाळी नुसत्या पाण्याने चेहरा धुतात आणि रात्री एकदा सौम्य फेसवॉश वापरतात. मॉइश्चरायझर गालांवर नीट लावतात, कपाळावर नुसता हात फिरवतात. बँकेत दुपारी कपाळ चमकलं तर टिश्यूने टिपतात, बेसिनकडे जात नाहीत. जानेवारीत हवा कोरडी झाली की आणखी एका रविवारी त्या हेच पाच तुकडे पुन्हा दाबून पाहणार आहेत, कारण मे महिन्यातला निकाल हिवाळ्यात तसाच राहील याची खात्री नसते.