१०५ डिसेंबर ही कोणती तारीख?

५ डिसेंबर २०२५ पासून शंभर दिवसांनी कोणती तारीख येते, असा प्रश्न मी विचारला की लोक दोन प्रकारे सुरुवात करतात. काहीजण बोटांवर दिवस मोजू लागतात. बाकीचे म्हणतात, “शंभर दिवस म्हणजे तीन महिने आणि वर दहा दिवस.” त्यांचं उत्तर येतं १५ मार्च. ते बरोबरही आहे, पण नशिबाने. तोच प्रश्न ५ मार्चपासून विचारा. याच हिशेबाने १५ जून येईल, खरी तारीख मात्र १३ जून आहे. मार्च, एप्रिल आणि मे मिळून ९२ दिवस होतात, त्यामुळे वर आठच उरतात.

मी स्वतः दिवस मोजत नाही. मी तारखेला वाहू देतो. ५ आणि १०० मिळून १०५, म्हणून सरळ लिहितो: १०५ डिसेंबर. हसू नका! अशी तारीख कॅलेंडरवर नसली, तरी तिचा अर्थ पक्का आहे. १ जानेवारीला ३२ डिसेंबर म्हटलं तर बिघडलं काय? तारीख म्हणजे मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापासून कितवा दिवस, एवढंच. आता ही फुगलेली तारीख पुढच्या महिन्यांत ढकलायची. डिसेंबरचे ३१ काढले की १०५ डिसेंबर म्हणजे ७४ जानेवारी. जानेवारीचे ३१ काढले की ४३ फेब्रुवारी. फेब्रुवारीचे २८ काढले की १५ मार्च. मार्चमध्ये १५ तारीख असतेच, म्हणून तिथे थांबायचं.

इथे एक चूक फार होते, आणि ती वजाबाकीची नसते. ४३ फेब्रुवारीवरून मार्चमध्ये जाताना “आता मार्च आला” असं मनात येतं आणि हात मार्चचे ३१ वजा करून मोकळा होतो. उत्तर येतं १२ मार्च, तीन दिवस आधीचं. आपण जो महिना सोडतो आहोत त्याचे दिवस वजा करायचे, ज्या महिन्यात शिरतो आहोत त्याचे नव्हे. गंमत अशी की डिसेंबरवरून जानेवारीत जाताना ही चूक केली तरी कळत नाही, कारण दोन्ही महिने ३१ चे. जुलै-ऑगस्टचंही तसंच. म्हणून पद्धत शिकताना उदाहरण फेब्रुवारीतून जाणारंच घ्यावं.

लीप वर्ष असेल तर २८ च्या जागी २९. ५ डिसेंबर २०२३ पासून निघालात तर ४३ फेब्रुवारीतून २९ जातात आणि १४ मार्च २०२४ येते. इथे वर्ष बघायचं ते फेब्रुवारी ज्या वर्षात पडतो त्याचं, सुरुवातीच्या तारखेचं नाही.

बहुतेक वेळा तीन वजाबाक्या पुरतात, पण कधी चौथी लागते. २५ डिसेंबर २०२५ घ्या. १२५ डिसेंबर, ९४ जानेवारी, ६३ फेब्रुवारी, ३५ मार्च. मार्चला ३५ तारीख नाही, म्हणून आणखी ३१ काढा, ४ एप्रिल. याउलट २२ मार्चपासून निघालात तर १२२ मार्च, ९१ एप्रिल, ६१ मे, ३० जून. इथे थांबायचं. जूनचे ३० भरात काढून टाकलेत तर “० जुलै” हाती लागेल. तेही चुकीचं नाही म्हणा, शून्य जुलै म्हणजे ३० जूनच.

उत्तर बरोबर आहे का, हे वारावरून कळतं. शंभरात सातचे चौदा आठवडे बसतात आणि दोन दिवस उरतात. म्हणजे वार नेहमी दोनने पुढे सरकतो. ५ डिसेंबर २०२५ ला शुक्रवार होता, तेव्हा उत्तराच्या दिवशी रविवार हवा. कॅलेंडरात १५ मार्च २०२६ पाहा, रविवार आहे. चुकून आलेल्या १२ मार्चला गुरुवार दिसतो, म्हणजे चोरी पकडली गेली. नेमका सात दिवसांचा घोटाळा झाला तर मात्र वार काही बोलणार नाही. पण महिन्याच्या लांबीतली चूक सहसा एक ते तीन दिवसांची असते, आणि ती वार लपू देत नाही.

एक गोष्ट मोजण्याआधीच विचारून घ्या: “शंभर दिवसांनी” की “शंभरावा दिवस”? पहिला दिवसच एक म्हणून धरला, तर शंभरावा दिवस ९९ मिळवून येतो. ५ डिसेंबर हाच पहिला दिवस असेल, तर १०४ डिसेंबर, म्हणजे १४ मार्च २०२६. मग वार एकनेच सरकतो, शुक्रवारचा शनिवार. समोरच्याने तारखेसोबत वार सांगितला असेल, तर त्याने पहिला दिवस धरला की सोडला, हेही त्यातून ओळखता येतं.