‘नये’ खोडताना

[पडद्यावर: कागद, त्यावर एकच ओळ]

हे वाक्य नीट वाचा. “माणसाने रागाच्या भरात कधीही बोलू नये.” सुविचार म्हणून यात खोट काही नाही. फक्त सांगणारा उंचावर उभा आहे आणि ऐकणारा खाली.

[पेन्सिल ‘कधीही’वर आडवी फिरते]

सगळ्यात आधी जातो ‘कधीही’. हा शब्द दिसला की मन लगेच अपवाद शोधू लागतं, आणि वाचणारा मनातल्या मनात वाद घालतो. उरतं ते असं: “माणसाने रागाच्या भरात बोलू नये.” आवाज थोडा उतरला, पण बोट अजून रोखलेलंच आहे.

आता ‘माणसाने’च्या जागी ‘आपण’. “आपण रागाच्या भरात बोलू नये.” वाटतं, सांगणारा खाली उतरून शेजारी येऊन बसला. पण मोठ्याने वाचून बघा. लहान मुलाला समजावताना वापरतात, तो हा ‘आपण’. उपदेश क्रियापदात दडलेला आहे, त्यामुळे कर्ता बदलून भागत नाही.

[अगदी जवळून: ‘नये’. खोडरबर. कागदाचा पापुद्रा निघतो]

‘नये’ खोडायला किती जोर लागतोय, ते दिसतंच आहे. तो काढला की वाक्य उभंच राहत नाही, सगळी मांडणी नव्याने करावी लागते. “रागात बोललेलं परत घेता येत नाही.” आज्ञा गेली खरी, पण तिच्या जागी धाक आला. शिवाय हे पुरतं खरंही नाही. माणसं माफी मागतात, शब्द मागे घेतात.

मग हात जरा जास्तच सैल सुटतो. “शक्यतो रागात जरा थांबून बोललेलं बरं.” ‘शक्यतो’, ‘जरा’, ‘बरं’. एवढ्याशा वाक्याला तीन उशा! सांगायचं काय होतं, तेच त्यांच्यात बुडालं. आणि ‘बरं’मध्ये सल्ला लपून बसलाय तो बसलायच. (अक्षर मात्र या ओळीचं सगळ्यात देखणं, म्हणून ती इतका वेळ पडद्यावर ठेवली.)

[नवी ओळ उमटते]

“राग ओसरला, की तेच म्हणणं वेगळ्या शब्दांत सुचतं.” इथे कुणाला काही करायला सांगितलेलं नाही, ‘थांबा’ असंसुद्धा नाही. राग गेल्यावर काय होतं, एवढंच आहे, आणि ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण अशीच चालते. तिच्यात ना माणूस, ना ‘नये’. तरी लागायचं त्याला लागतं.

[ओठ पुटपुटतात, पेन्सिल पुन्हा कागदावर]

शेवटची दुरुस्ती कानाने सुचवली. ‘वेगळ्या शब्दांत’पाशी ओळ रेंगाळत होती. आता ती अशी आहे: “राग ओसरला, की तेच म्हणणं वेगळं सुचतं.”

बंदी गेली, तेव्हा वाचणारा थांबेलच याची हमीही गेली. विजेच्या पेटीवर असली ओळ चालायची नाही. तिथे ‘हात लावू नका’ हेच लिहायला हवं.